नग कमी भरले तर: पॅकिंग लिस्ट आणि आलेला माल यांतला फरक कळवण्याची पद्धत

संध्याकाळी साडेसहाला बेळगावच्या उद्यमबागेतल्या गोडाऊनपुढे टेम्पो लागतो. हमालांना घरी जायची घाई, ड्रायव्हरला पुढे अजून दोन ठिकाणी माल टाकायचा असतो. तो बिल्टीची पोच पुढे करतो आणि म्हणतो, "सही करा साहेब, नग बघून घेतलेत." इथे सही झाली, की पुढची सगळी तक्रार लंगडी पडते. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेताना ट्रान्सपोर्ट देतं ती पावती किंवा एलआर, ही नगांच्या संख्येचा आणि वजनाचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, तसं २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यातच आहे. ४८ नग लिहिलेल्या कागदावर शेरा न मारता सही केली, तर ४८ मिळाले असंच धरलं जातं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. बेळगावचा एक व्यापारी पुण्याकडच्या कारखान्याकडून पितळी नळ मागवतो. पॅकिंग लिस्टवर खोकी १ ते ४८ आहेत, प्रत्येकात २४ नळ, प्रत्येक खोक्याचं एकूण वजन ११.४ किलो. एका नळाचा दर २६० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. माल १० जूनला ट्रान्सपोर्टकडे बुक झाला.

सहीच्या आधीची वीस मिनिटं

उतरवताना नुसते नग मोजू नका, खोक्यांचे नंबर पॅकिंग लिस्टवर खूण करत जा. आपल्या उदाहरणात ४७ खोकी भरली. नंबर लावल्यामुळे २२ नंबरचं खोकं नाही हे लगेच कळलं. नुसता आकडा मोजला असता तर "एक कमी" एवढंच समजलं असतं आणि ट्रान्सपोर्टवाल्याला ते शोधायला काही धागा मिळाला नसता.

मग खोक्यांची टेप बघायची. कारखान्याची टेप छापील, पण ३१ नंबरच्या खोक्यावर तिच्यावरूनच साधी तपकिरी टेप फिरवलेली. असं खोकं ड्रायव्हरसमोर काट्यावर ठेवायचं. वजन भरलं ८.२५ किलो. एका नळाचं वजन ४५० ग्रॅम आणि रिकामं खोकं ६०० ग्रॅम धरलं, तर आत १७ नळ असणार. त्याच्यासमोरच उघडलं, १७ च निघाले. सात कमी. काट्यावरचा आकडा, खोक्याचा नंबर आणि टेप असे तिन्ही दिसतील असा एक फोटो काढून ठेवायचा. खोकं आणि ती टेप टाकून द्यायची नाही.

आता पोचेवर शेरा. "माल तपासल्यावर कळवू" असा शिक्का बरेच जण मारतात. माझ्या मते त्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्यातून नेमकं काय कमी आहे ते कुठेच सांगितलेलं नसतं. शेरा असा हवा: "४८ पैकी ४७ नग मिळाले, २२ नंबर नाही. ३१ नंबरची टेप बदललेली, वजन ११.४ ऐवजी ८.२५ किलो, २४ ऐवजी १७ नळ." खाली तारीख, वेळ, गाडी नंबर आणि ड्रायव्हरची सही. ड्रायव्हर सही द्यायला तयार नसेल तर तेही तिथेच लिहायचं. आपल्याकडे माल मराठी माणूस घेतो, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कन्नड चालतं आणि ड्रायव्हर कधी तमिळनाडूचा असतो. म्हणून शेरा शक्यतो इंग्रजीत आणि आकड्यांत लिहिलेला बरा, म्हणजे नंतर "आम्हाला वाचता आलं नाही" अशी सबब उरत नाही. हा शेरा आपल्याकडच्या प्रतीवर आणि ड्रायव्हर नेणार त्या प्रतीवर, दोन्हीकडे सारखा हवा.

कोणाला कळवायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फरक दोन जातींचे असतात. नग कमी, टेप बदललेली, खोकं फुटलेलं, असं असेल तर माल वाटेत गेला, तक्रार ट्रान्सपोर्टकडे. खोकं जसंच्या तसं, टेप कारखान्याची, वजनही बरोबर, पण आत मॉडेल भलतंच, तर चूक भरणाऱ्याची. आपल्याकडे १२ नंबरचं खोकं तसं निघालं: २४ नळ होते, पण मागवलेल्याऐवजी दुसरे. हे ट्रान्सपोर्टला सांगून काहीच होत नाही, सरळ पुरवठादाराला कळवायचं. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आला तर खरेदीदार ठरल्याप्रमाणे असलेला माल ठेवून बाकीचा नाकारू शकतो, किंवा सगळाच नाकारू शकतो. पण "वाजवी वेळेत" कळवावं लागतं. गप्प राहून माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून आतलं मोजणं आठवडाभर टाळू नका, दुसऱ्या दिवशी उरकून ई-मेल करा.

दावा करायचा अधिकार कोणाचा

माल वाटेत गेला तर ट्रान्सपोर्टवर दावा कोणी करायचा, हे तुमच्या सौद्यावर ठरतं. कारखान्याच्या दारात माल दिला की आमची जबाबदारी संपली, असं ठरलं असेल तर माल ट्रान्सपोर्टच्या हाती पडल्यापासून तुमचा, दावाही तुमचा. बेळगाव पोच असा सौदा असेल तर जोखीम पुरवठादाराची आणि दावाही त्यानेच करायचा, तुम्ही फक्त शेरा मारलेली पोच, फोटो आणि कळवल्याची ई-मेल त्याला द्यायची. ऑर्डरमध्ये याबद्दल एक ओळ असतेच, ती आधी काढून बघा. पोच असलेला सौदा आणि तरी व्यापारी महिनाभर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खेटे घालतोय, असं मी पाहिलंय. तिकडे पुरवठादार निवांत.

ट्रान्सपोर्टकडे अर्ज

पहिल्या दिवशी बेळगावच्या शाखेत जाऊन तोंडी आणि लेखी शोध घ्यायला सांगा. हरवलेलं खोकं चोरीलाच गेलं असं नसतं. पुण्याहून येणारी गाडी निपाणी, बेळगाव, हुबळी असा माल टाकत जाते, त्यात आपलं खोकं दुसऱ्याच गोडाऊनात उतरतं आणि तिथे "जादा नग" म्हणून पडून राहतं. म्हणूनच २२ हा नंबर महत्त्वाचा.

सापडलं नाही तर शाखेकडून शॉर्टेज सर्टिफिकेट मागायचं, म्हणजे किती नग कमी पोचले याचं त्यांच्या लेटरहेडवरचं पत्र. विमा असेल तर विमा कंपनीही हे मागते. त्यानंतर दाव्याचं पत्र. त्यासोबत बिल्टीची शेरा मारलेली प्रत, टॅक्स इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, माल नेण्यासाठी पोर्टलवर काढलेलं ई-वे बिल, गोडाऊनची आवक नोंद, फोटो आणि दाव्याचं बिल जोडायचं. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. एक प्रत ऑफिसात देऊन शिक्क्यानिशी पोच घ्या आणि दुसरी मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर "बघतो साहेब" असं उत्तर आलं म्हणून नोटीस दिली असं होत नाही.

मुदत नीट लक्षात घ्या. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, नाहीतर पुढे कोर्टात जाता येत नाही. माल पोचला त्या दिवसापासून नाही, बुक झाला त्या दिवसापासून. आपल्या उदाहरणात १० जूनला बुकिंग, म्हणून ७ डिसेंबर शेवटचा दिवस.

रकमेलाही मर्यादा आहे. पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जादा दर मान्य केला नसेल, तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट एवढीच. इथे भाडं १,९०० रुपये, म्हणजे १९,००० पर्यंत. आपला दावा त्यात बसतो. पण सगळीच्या सगळी ४८ खोकी गेली असती तर जीएसटी धरून जवळपास साडेतीन लाखांचा माल आणि मिळणार १९,०००. महाग माल मागवताना विमा का काढतात, ते इथे समजतं. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत ३१ नंबरचं खोकं जसं आहे तसं ठेवा. ट्रान्सपोर्टला नोटीस तरीही तुम्हालाच द्यायची आहे. ती चुकली तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

जीएसटीमध्ये काय करायचं

कमी पडलेले नळ २४ अधिक ७, म्हणजे ३१. मालाची किंमत ८,०६० रुपये, जीएसटी १,४५०.८०, एकूण ९,५१०.८०. दावा ८,०६० चा की ९,५१०.८० चा? पुण्याचा पुरवठादार क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, देणार असेल तर त्याचा आयजीएसटी तोच कमी करतो आणि तुम्ही त्या ३१ नळांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, परत करता. पण जोखीम तुमची असताना माल वाटेत गेला, तर पुरवठादार क्रेडिट नोट बहुधा देणार नाही. त्या ३१ नळांचं क्रेडिट मात्र तुम्हालाही घेता येत नाही, कारण माल मिळालेला नसेल तर क्रेडिट नाही. म्हणजे तो कर तुमच्या खिशातून गेला, तेव्हा दाव्यात जीएसटी धरायचा.

१२ नंबरचं खोकं परत पाठवताना ते कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्रात जाणार. त्याची किंमत ६,२४० रुपये, म्हणजे ५०,००० च्या खाली, ई-वे बिल लागत नाही. तरी डिलिव्हरी चलन किंवा परतीचा कागद गाडीत हवाच.

आणि एक चूक हमखास होते. ई-वे बिल पोर्टलवर माल घेणाऱ्याला ७२ तासांत नाकारायची सोय आहे. नग कमी आले म्हणून काही जण तिथे नाकारा असं करून मोकळे होतात. ती सोय आख्खा माल आपला नाही असं सांगण्यासाठी आहे, काही नग कमी आहेत हे सांगायला नाही. ४७ खोकी गोडाऊनात ठेवून ई-वे बिल नाकारलं, तर कागदावर तुम्ही मालच घेतला नाही असं दिसतं.

हरवलेलं खोकं नंतर आलं तर

बावीस नंबरचं खोकं तीन आठवड्यांनी हुबळीहून परत आलं, असं धरा. ते मोजून घ्या, वेगळ्या पोचेवर वेगळ्या तारखेने सही करा, जुन्या पोचेवरचा शेरा खोडू देऊ नका. मग ट्रान्सपोर्टला सुधारित दावा द्या: आता ७ नळ, १,८२० रुपये आणि जीएसटी ३२७.६०, एकूण २,१४७.६०. शाखेचा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "खोकं आलं ना, आता मिटवा." सात नळ अजून आलेले नाहीत, एवढं त्याला पत्रातच लिहून द्या. १८० दिवसांची मोजणी मात्र पुन्हा सुरू होत नाही, ती १० जूनपासूनच चालू राहते.