थर्माकोल व चमकीविरहित मखर (मुंबई)

घरगुती गणपतीच्या मखरातून थर्माकोल आणि प्लास्टिकची चमकी काढून टाकून पुठ्ठा, कागद, मैद्याची खळ, मातीचे रंग, केळीच्या खोडाचे सोपट, भेंड आणि अभ्रक यांपासून आरास करण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः एक फूट उंचीच्या मूर्तीसाठी मुंबईच्या दमट हवेत टिकणारे मखर कसे उभे राहते, हे सांगितले आहे.

पार्श्वभूमी

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्याच्या आकारमानात साधारण ९८ टक्के हवाच असते, म्हणून ते हलके, पांढरे आणि ब्लेडने सहज कापता येणारे असते. चमकी बहुधा पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून, रंग देऊन बारीक षट्कोनी तुकड्यांत कापलेली असते. थर्माकोलचा तुकडा निदान हाताने उचलता येतो. चमकी मात्र हार, दूर्वा आणि पत्रीला चिकटून निर्माल्यात जाते, तिथून खतात आणि खतातून मातीत. खत चाळणाऱ्या जाळीतून ती सहज निसटते, त्यामुळे एकदा सांडलेली चमकी परत गोळा करता येत नाही.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी गणेशोत्सवापुरती सवलत मागणाऱ्या थर्माकोल व्यावसायिकांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. पुढे केंद्राच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून शोभेसाठीचे थर्माकोल देशभर बंद झाले. चमकी त्या यादीत नाही, आणि थर्माकोलच्या जागी आलेल्या अनेक वस्तूही नाहीत. सनबोर्ड हे फेसाळ पीव्हीसी असते, रंगीत फोमशीट प्लास्टिकच असते आणि कागदासारखे दिसणारे न विणलेले कापड बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचे असते. ‘थर्माकोल नाही’ एवढ्यावर समाधान मानून हेच घरी आणले, तर बदल फक्त नावात होतो.

किती दिवसांचा गणपती

साहित्य ठरवताना पहिला प्रश्न गणपती किती दिवसांचा, हा असावा. दीड दिवसाच्या गणपतीला केळीच्या सोपटाइतके देखणे काही नाही. ते आतून पांढरेशुभ्र असते, सुरीने हवे तसे कोरता येते आणि ओलसरपणामुळे त्याला स्वतःची चमक असते. कापल्यावर हवा लागून ते काळपट पडते. लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढल्यास हा डाग उशिरा येतो, पण दुसऱ्या संध्याकाळनंतर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. पाच, सात किंवा अनंत चतुर्दशीपर्यंतच्या गणपतीला पुठ्ठ्याचा सांगाडा लागतो. सोपट, पाने आणि फुले त्यावर रोज बदलायची.

भेंड हा पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा, अतिशय हलका गाभा. लग्नातली बाशिंगे पूर्वी भेंडाचीच होत. थर्माकोलशी स्पर्शाने आणि वजनाने सर्वांत जवळचे नैसर्गिक द्रव्य हेच आहे. ते दमट हवेत मऊ पडते, म्हणून त्याची फुले-कळस करावेत, खांब करू नयेत.

सांगाडा

मूर्ती नेहमी लाकडी पाटावर किंवा चौरंगावर ठेवावी आणि मखर तिच्याभोवती स्वतंत्र उभे करावे. पुठ्ठ्याच्या बैठकीवर शाडूची मूर्ती ठेवली की दोन-तीन दिवसांत दमट पुठ्ठा मध्यभागी बसतो आणि मूर्ती पुढे झुकते. हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

एक फुटी मूर्तीसाठी आतली जागा २४ इंच रुंद, १६ इंच खोल आणि ३० इंच उंच पुरते. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पाच प्लायचा पुठ्ठा घ्यावा. ५६ इंच रुंद आणि ३० इंच उंच असा एकच तुकडा कापून दोन्ही बाजूंनी १६-१६ इंचांवर घडी घातली की मागची भिंत आणि दोन पाखे एकसंध मिळतात आणि मखर स्वतःच्या पायावर उभे राहते. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्याच आल्या पाहिजेत. त्या आडव्या आल्या तर भिंत स्वतःच्याच वजनाने हळूहळू दबते आणि घडीही वेडीवाकडी पडते.

समोरच्या कमानीसाठी २८ इंच लांब आणि १२ इंच उंच फळी लागते. तिचा भार दोन टोकांवर असतो, म्हणून तिच्यात नळ्या आडव्या ठेवाव्यात. दोन्ही टोकांपासून दोन-दोन इंच आत, खालून वर तीन इंचांची खाच घ्यावी. पाख्यांच्या वरच्या कडेलाही पुढच्या टोकापासून इंचभर मागे, वरून खाली तीन इंचांची खाच घ्यावी. दोन्ही एकमेकांत बसल्या की गोंदाशिवाय कमान पक्की होते आणि विसर्जनानंतर मखर सपाट करून ठेवता येते. कमानीचा आकार मात्र या खाचांच्या मधल्याच भागात कापावा. खांब हवे असतील तर कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या दुकानदार सहसा देतात. त्या पाख्यांच्या पुढच्या कडेला कागदी गमटेपने बांधाव्यात. ग्लू गनची कांडी आणि सेलोटेप दोन्ही प्लास्टिक आहेत, त्यामुळे इथे ती वापरण्यात अर्थ नाही.

खळ आणि कागद

खळीसाठी १०० ग्रॅम मैदा २०० मिलिलिटर थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा आणि उकळत्या ५०० मिलिलिटर पाण्यात ढवळत ओतावा. तीन-चार मिनिटांत ती पांढऱ्याची अर्धपारदर्शक झाली की शिजली. कच्च्या खळीचा कागद वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. उतरवल्यावर लहान चमचाभर तुरटीची पूड थोड्या गरम पाण्यात विरघळवून मिसळावी, म्हणजे बुरशी उशिरा धरते. जुन्या कृतींत मोरचूद घालायला सांगितलेले असते. ते विषारी आहे आणि मखर शेवटी खतात जाणार असेल तर टाळलेच पाहिजे. बाहेर ठेवलेली खळ दोन दिवसांत आंबते. आंबूस वास आला की टाकून नवी करावी.

वर्तमानपत्राच्या दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडाव्यात, फाटलेली कड एकमेकीत मिसळते आणि जोड दिसत नाही. पट्ट्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना लावाव्या लागतात. ओला कागद वाळताना आक्रसतो. एकाच बाजूला लावला तर सगळी भिंत त्या बाजूला ओढली जाऊन पराती​सारखी वाकते, आणि वाळलेला बाक पुन्हा सरळ होत नाही. हे मखर बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

श्रावण-भाद्रपदात मुंबईत एक थर पंख्याखाली वाळायलाही सबंध दिवस लागतो, संततधार असेल तर जास्त. वरून कोरडा वाटणारा कागद आतून ओला असतो. गालाला लावून पाहिल्यावर गार लागला, तर तो वाळलेला नाही. ओल्यावरच दुसरा थर दिला की जोडांमध्ये आधी कुबट वास येतो, मग करडे ठिपके उमटतात. प्रत्येक बाजूला दोन थर पुरे, पण त्यासाठी चतुर्थीच्या निदान दहा दिवस आधी काम सुरू करावे. खाचा शेवटी कापाव्यात, कारण थरांमुळे पुठ्ठ्याची जाडी वाढते आणि आधी कापलेली खाच घट्ट होते.

कोरीव कामाचा उठाव आणण्यासाठी पहिल्या थरावर सुतळीने वेल, कमळ किंवा महिरप चिकटवून तिच्यावर दुसरा थर ओला असतानाच बोटांनी नीट दाबावा. रंगवल्यावर ही सुतळी नक्षीसारखी दिसते. थर्माकोलच्या साच्यातल्या ठरीव नक्षीपेक्षा ती कितीतरी जिवंत वाटते.

रंग आणि चकाकी

पांढऱ्या अस्तरासाठी खडूची पूड पातळ खळीत कालवून दोन हात द्यावेत. त्यावर गेरू, काव आणि पिवडी हे मातीचे रंग त्याच पातळ खळीत चांगले बसतात. हळद उजेडात फिकी पडते आणि अस्तर चुन्याचे असेल तर लाल होते, कारण चुन्याच्या क्षारामुळे तिचा रंग बदलतो. पिवळ्या भिंतीसाठी म्हणून पिवडीच बरी.

चमकीची जागा अभ्रक घेते. ते खनिज असल्याने कुजत नाही, पण मातीतून आलेले मातीतच मिसळते, प्लास्टिकसारखे तुटत-तुटत साठत नाही. झारखंडच्या अभ्रक खाणपट्ट्यात मुलांकडून काम करून घेतले गेल्याचे वारंवार उघड झाले आहे, म्हणून अभ्रक सढळ हाताने वापरण्याची वस्तू नाही. एका मखराला दोन-तीन चमचे पुरतात. बारीक पुडीपेक्षा जाड पापुद्रे उजेड अधिक परततात. सुतळीच्या नक्षीच्या वरच्या कडेवरच पातळ खळीचा हात देऊन, ती ओली असताना अभ्रक भुरभुरावे. खाली कागद अंथरावा आणि वाळल्यावर मऊ ब्रशने उरलेले झाडून परत डबीत भरावे. हे करताना नाकाला रुमाल बांधावा. फुलांवर आणि नैवेद्याजवळ ते उडवू नये.

अभ्रक समोरून पडलेल्या दिव्यात निस्तेज दिसते. पिवळसर एलईडी माळ पाख्यांच्या आतल्या कडेला लावून उजेड तिरका पडू दिला की तेच लुकलुकू लागते. साखरेचे किंवा मिठाचे खडे चमकीऐवजी वापरावेत असे सुचवले जाते. भाद्रपदातल्या हवेत मीठ पाणी सोडते, साखर चिकट होते आणि मुंग्या येतात.

बाजारात अभ्रक म्हणून चमकीही मिळते. चिमटीभर कण चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून मेणबत्तीवर नेले तर प्लास्टिक आक्रसून गोळी होते, अभ्रक तसेच राहते. सोनेरी कागदाचीही परीक्षा करावी: फाडल्यावर कडेला तंतू दिसले तर आत कागद आहे, ताणून लांबला तर प्लास्टिक. तयार घडीच्या पुठ्ठ्याच्या मखरांवर अनेकदा प्लास्टिकचे लॅमिनेशन असते. त्याचा कोपरा नखाने सोलून पाहावा. मूर्तीवरच्या चमकीबद्दल मूर्तिकाराला नोंदणी करतानाच सांगावे, रंगकाम झाल्यावर ती निघत नाही.

तेलाची समई मखराच्या आत ठेवू नये, पुठ्ठा पेट घेतो. ती पाख्यांच्या पुढे निदान फूटभर अंतरावर असावी.

विसर्जनानंतर

मखर मूर्तीबरोबर पाण्यात सोडायचे नसते. कमान काढून, भिंत घडी करून, पूर्ण वाळवून पलंगाखाली ठेवले तर पुढच्या वर्षी फक्त नवा रंग लागतो. त्याआधी जोडांवर करडे ठिपके आहेत का ते पाहावे, असल्यास तेवढा भाग कापून टाकावा. मोडायचेच असेल तर एलईडी माळ वेगळी काढून पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे करावेत, रात्रभर भिजवावेत आणि सोसायटीच्या खतखड्ड्यात ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये पसरावेत. मैद्याच्या खळीमुळे ते लवकर मऊ पडतात. एकाच जागी जाड थर दिला तर मात्र हवा कोंडून दुर्गंधी येते. पालिकेच्या निर्माल्य कलशात केवळ फुले, पाने आणि दूर्वा टाकाव्यात. हारांतला दोरा सुती असेल तर चालतो, नायलॉनचा असेल तर ओढून काढावा.