आरएस-४८५ केबल आणि टोकाचे रोध

कारखान्यातील दूरचे सेन्सर नियंत्रकाशी जोडण्यासाठी सर्रास वापरली जाणारी क्रमिक संदेशवहन पद्धत म्हणजे आरएस-४८५. मूळ मानक १९८३ चे आहे. ए आणि बी या दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून ग्राहक, म्हणजे संदेश घेणारे उपकरण, ० किंवा १ ओळखतो आणि त्याला २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो. मंद गतीला केबल सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते.

तारा एकमेकींवर पिळलेल्या असल्या की मोटारीचा किंवा तिची गती बदलणाऱ्या व्हीएफडीचा विद्युत गोंगाट दोन्हींवर जवळजवळ सारखाच चढतो आणि फरकातून वजा होतो. म्हणून ए आणि बी एकाच जोडीत हवेत. दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार घेतली, तर मल्टिमीटरवर सगळे ठीक दिसते, पण पिळाचा फायदा संपतो. केबलचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या लहरीला तिच्यात भासणारा विरोध, १२० ओहम असावा आणि सामाईक संदर्भासाठी वेगळी तार असावी.

उघड्या टोकावरून संदेश परावर्तित होतो. इम्पिडन्सइतका रोध जोडला की टोकाला आलेली ऊर्जा त्यात जिरते. ६०० मीटर केबलमध्ये लहरीला जाऊन परत यायला सुमारे ६ मायक्रोसेकंद लागतात. ९,६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिटांच्या गतीला, एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि तो मध्यावर वाचला जातो. तोवर परावर्तने बरीच विरलेली असतात. १,१५,२०० बॉडला मात्र बिट जेमतेम ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. ‘गती वाढवली आणि चुका सुरू झाल्या’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

रोध फक्त दोन टोकांना लावायचे, मधल्या सेन्सरना नाही. तपासणीसाठी वीज बंद करून, शेवटी सांगितलेले बायस रोध सोडवून ए-बीमध्ये ओहम मोजतात आणि १२० चे दोन रोध समांतर म्हणून ‘६० आले म्हणजे बरोबर’ असे शिकवले जाते. लांब केबलवर हा नियम फसवतो. २४ गेज तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम असतो. म्हणजे ६०० मीटरच्या जाण्यायेण्याचे सुमारे १०० ओहम झाले. जवळच्या टोकाला १२० आणि त्याला समांतर १०० अधिक १२०, म्हणून निरोगी लाइनवर वाचन ७८ च्या आसपास येते. १२० आले तर दूरचा रोध नाही किंवा तार तुटली आहे. २२० आले तर जवळचा रोध राहून गेला आहे. आणि नेमके ६० आले, तर बरोबर मध्यावरच्या एखाद्या सेन्सरचा टर्मिनेशन जंपर, म्हणजे त्याच्यातला टोकाचा रोध जोडणारी कळ, चालू राहिल्याचा संशय घ्यावा, कारण तिथे तिसरा रोध धरून हिशेब तेवढाच निघतो. म्हणून मोजण्याआधी केबलची लांबी आणि गेज लिहून घ्यावे.

दोन्ही रोध लावल्यावर, कोणी बोलत नसताना ए-बीमधला फरक शून्याजवळ येतो आणि ग्राहक गोंगाटालाच संदेश समजू शकतो. त्यासाठी एका ठिकाणी ५ व्होल्टवरून ५६० ओहमचे दोन बायस रोध जोडतात, एक वर ओढणारा आणि एक खाली. ६० ओहमच्या भारावर त्यातून सुमारे २५० मिलिव्होल्ट मिळतात.