स्पॅनिशमधले दोन ‘से’ आणि मराठीचा ‘ला’

माद्रिदमधल्या एखाद्या बाल्कनीवर ‘से बेंदे’ अशी पाटी दिसली, की ते घर विकायचे आहे हे कळते. ते कोण विकतो आहे हे मात्र पाटी सांगत नाही. इंग्रजी अशा वेळी कर्मणी वाक्य वापरते, तर रोजची स्पॅनिश क्रियापदाआधी ‘से’ हा छोटा शब्द ठेवून तेच काम उरकते. अडचण इतकीच की दिसायला सारखे असणारे हे ‘से’ दोन आहेत. व्याकरणात एकाला कर्मणी ‘से’ म्हणतात आणि दुसऱ्याला अकर्तृक ‘से’.

कर्मणी ‘से’ असताना वाक्यातली वस्तू हीच व्याकरणातला कर्ता ठरते आणि क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे बदलते. एक घर विकायचे असेल तर ‘से बेंदे उना कासा’, अनेक असतील तर ‘से बेंदेन कासास’. अकर्तृक ‘से’ असताना वाक्यात कर्ताच नसतो, म्हणून क्रियापद कायम तृतीयपुरुषी एकवचनात राहते. ‘आकी से बीबे ब्येन’, म्हणजे इथे राहणे सुखाचे आहे. या वाक्यात क्रियापदाने जुळवून घ्यावे असे कोणतेच नाम नाही.

इथवर गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो कर्माच्या जागी माणसे आली की. समजा, नदीच्या पुरातून दोन होड्या वाचवल्या गेल्या आणि काही बायकाही वाचवल्या गेल्या. इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकाच साच्यातली होतात. स्पॅनिशमध्ये होड्यांसाठी ‘से रेस्कातारोन दोस बार्कास’ असे अनेकवचन येते, आणि बायकांसाठी ‘से रेस्कातो आ लास मुखेरेस’ असे एकवचन. फरक पडला तो ‘आ’ या शब्दयोगी अव्ययामुळे. विशिष्ट माणूस कर्म असला की स्पॅनिश त्याच्याआधी ‘आ’ लावते, आणि ‘आ’ लागलेले नाम कर्ता होऊ शकत नाही. जुळवून घ्यायला कोणी उरले नाही, की क्रियापद एकवचनात स्थिरावते.

मराठी माणसाला हे नवे वाटण्याचे खरे तर कारण नाही. आपण ‘होड्या वाचवण्यात आल्या’ म्हणतो, पण ‘बायकांना वाचवण्यात आले’. ‘ना’ हा प्रत्यय लागताच क्रियापद बायकांचे लिंग आणि वचन सोडून देते. आपल्या कर्मणी आणि भावे प्रयोगांतली ही सीमा स्पॅनिशमधल्या दोन ‘से’मधल्या सीमेच्या इतकी जवळ आहे, की इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने इथे इंग्रजी बाजूला ठेवणेच बरे. नोकरीच्या जाहिरातीतही हीच सीमा दिसते. कोणीही दोन वेटर हवे असतील तर ‘से नेसेसीतान दोस कामारेरोस’ असे ‘आ’विना लिहितात, आणि आपणही तिथे ‘दोन वेटर पाहिजेत’ म्हणतो, ‘वेटरांना’ म्हणत नाही.

‘आ’ विसरल्यास अर्थच पालटू शकतो. ‘से आयुदो आ लोस बेसीनोस’ म्हणजे शेजाऱ्यांना मदत करण्यात आली. त्याऐवजी ‘से आयुदारोन लोस बेसीनोस’ म्हटले, तर ऐकणारा शेजाऱ्यांनी एकमेकांना मदत केली असे समजेल, कारण ‘से’ला परस्परवाचक अर्थही आहे.

इंग्रजीतली आणखी एक रचना अडवते. ‘तिला दोन बक्षिसे मिळाली’ अशा अर्थाच्या वाक्यात इंग्रजी ‘ती’ला कर्त्याच्या जागी बसवू शकते, पण स्पॅनिशला ते चालत नाही. तिथे ‘से ले द्येरोन दोस प्रेम्योस’ येते: ‘ले’ म्हणजे तिला, आणि अनेकवचनी क्रियापद जुळते ते बक्षिसांशी. ‘तिला दोन बक्षिसे देण्यात आली’ हा आपला साचा जसाच्या तसा उपयोगी पडतो. काम करणाऱ्याचे नाव सांगायचेच असेल तर मात्र दोन्ही ‘से’ सहसा बाजूला ठेवावे आणि सरळ कर्तरी वाक्य करावे. ‘से’बरोबर ‘पोर’ लावून कर्ता जोडणे कायदेशीर मजकुरात आढळते, बोलण्यात ते अवघडच वाटते.

नियम नुकताच शिकलेल्यांची एक चूक वेगळ्या दिशेची असते. दिसेल त्या अनेकवचनाशी क्रियापद जुळवण्याच्या नादात ते ‘से त्रातान दे प्रोब्लेमास’ लिहून जातात. बरोबर रूप ‘से त्राता दे प्रोब्लेमास’ आहे, कारण ‘दे’च्या मागे लपलेले नाम कर्ता नव्हे. आणि ज्या क्रियापदाला स्वतःचेच ‘से’ असते, उदाहरणार्थ ‘लेबांतार्से’, म्हणजे उठणे, तिथे अकर्तृक ‘से’ला जागाच उरत नाही. दोन ‘से’ एकापुढे एक येत नाहीत, म्हणून ‘इथे लवकर उठतात’ हे सांगायला ‘ऊनो’, म्हणजे ‘एखादा माणूस’, हा शब्द घेऊन ‘ऊनो से लेबांता तेंप्रानो’ असे म्हणावे लागते.