क्लिशेचा जन्म छापखान्यात

गुळगुळीत बोलण्यासाठीचा क्लिशे हा शब्द टीकाकारांच्या तोंडी नंतर आला. त्याआधी तो फ्रान्समधल्या छापखान्यांतल्या कामगारांचा होता. अक्षरांचे खिळे जुळवून एक पान तयार केलं की ते पुन्हा छापायची वेळ येईपर्यंत खिळे अडकून पडत. म्हणून त्या पानाचा साचा काढायचा, त्यावरून शिशाच्या मिश्रधातूची अखंड पट्टी ओतायची आणि खिळे मोकळे करायचे. साचा वितळलेल्या धातूवर आपटताना होणाऱ्या आवाजावरून ‘क्लिशे’ हे क्रियापद आलं, असं मानतात. तयार पट्टीही क्लिशेच. जुळवणी एकदाच, छपाई हवी तितकी! एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीने हा शब्द छपाईच्या अर्थानेच उचलला. वापरून गुळगुळीत झालेली शब्दयोजना हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. ‘स्टीरिओटाइप’चा प्रवासही असाच, कारण तेही त्याच पट्टीचं नाव.

क्लिशेच्या शेवटच्या é वरची तिरकी रेघ इंग्रजीत अजून दिसते, ती नुसती ऐटीसाठी नाही. ती काढली तर इंग्रजीच्या सवयीने अखेरचा e मुका होईल आणि ‘क्लिश’ असं वाचलं जाईल. तरीही अनेकजण ती गाळतात, कारण शब्द आता ओळखीचा झाला आहे. फ्रेंचमधूनच इंग्रजीत आलेल्या फियान्सेची, म्हणजे लग्न ठरलेल्या जोडीदाराची, गंमत वेगळी. तो आणि ती यांचा उच्चार एकच, फरक फक्त लिहिण्यात: पुरुषासाठी fiancé, स्त्रीसाठी fiancée. नामांची लिंगं केव्हाच सोडून दिलेल्या इंग्रजीने हा जादा e मात्र जपला. देवनागरीत आपण उच्चार लिहितो, त्यामुळे आपल्याकडे तो फरक उरतच नाही.

रांदेव्हू, म्हणजे ठरवून केलेली भेट, हा इंग्रजीने घेतलेल्या या फ्रेंच शब्दांत सर्वांत जुना, सोळाव्या शतकातला. मुळात ती आज्ञा आहे: ‘हजर व्हा’. इंग्रजीने मधली जोडरेघ काढली, पण शेवटचे मुके z आणि s ठेवले. फ्रेंच माणूस दातांच्या डॉक्टरची वेळ घेतो तेही रांदेव्हूच. इंग्रजीत मात्र त्याला सैन्याच्या जमावाचा, चोरट्या भेटीचा, पुढे अंतराळयानांच्या भेटीचाही वास लागला.

देजा व्हू म्हणजे ‘आधीच पाहिलेलं’. 1876 मध्ये एमिल ब्वाराक यांनी एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात ही शब्दयोजना नवी गोष्टही आधी पाहिल्यासारखी वाटण्याच्या विचित्र अनुभवासाठी वापरली. इंग्रजीत ती मानसशास्त्राच्या वाटेने आली. आता मात्र कंटाळवाण्या पुनरावृत्तीलाही देजा व्हू म्हणतात. हा अर्थ बिघडला असं म्हणायची सोय नाही, कारण ‘यात नवीन काय?’ असं नाक मुरडण्यासाठी फ्रेंच लोकही हेच शब्द वापरतात.

मराठीला यातल्या क्लिशेची उसनवारी खरं तर फारशी लागली नसती. गुळगुळीत बोलण्याला आपणही छापील म्हणतो, साचेबद्ध म्हणतो.