ऑटोफोकसचे सूक्ष्म समायोजन

डीएसएलआर कॅमेरा आणि एखादी लेन्स यांची जोडी दर वेळी नेमलेल्या जागेच्या थोडे पुढे किंवा मागे फोकस करत असेल, तर ती चूक मोजून कॅमेऱ्याच्या मेनूतून भरून काढण्याची रीत. चूक कॅमेऱ्याच्या बाजूला पडली तर तिला फ्रंट फोकस म्हणतात, पलीकडे पडली तर बॅक फोकस. डोळ्यावर फोकस धरला आणि नाकाचा शेंडा स्पष्ट आला, ही फ्रंट फोकसची नेहमीची तक्रार.

दोषाचे मूळ कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाच्या खाली, तळाशी असतो. मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून प्रकाश तिथे पोहोचतो. चित्र मात्र आरसा वर गेल्यावर मागच्या सेन्सरवर उमटते. हे दोन्ही मार्ग तंतोतंत सारख्या लांबीचे हवेत. त्यांत किंचित फरक पडला आणि लेन्सचा स्वतःचा फरक त्याच दिशेने मिळाला, की चूक दिसू लागते. म्हणूनच तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर निर्दोष वाटू शकते. मिररलेस कॅमेरा चित्राच्या सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे तिथे हा दोष सहसा उद्भवत नाही.

चाचणीसाठी दोन वस्तू पुरतात. एक, उभा सपाट खोका, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद. दुसरी, त्याच्या शेजारी ४५ अंशांत तिरकी टेकवलेली ३० सेंमीची पट्टी, जिची १५ ची खूण कागदाच्या बरोबर रेषेत येते आणि लहान आकडे कॅमेऱ्याकडे असतात. फोकस कागदावर धरायचा, वाचायची पट्टी. अनेक जण थेट तिरक्या पट्टीवरच फोकस करतात आणि इथेच फसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकस बिंदूचे खरे क्षेत्र मोठे असते, त्यामुळे तो पट्टीवरची कोणतीही रेघ पकडतो.

निकॉन डी७५० आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेऊ. कॅमेरा ट्रायपॉडवर, कागदापासून फोकल लेंग्थच्या २५ पट म्हणजे सव्वा मीटरवर ठेवावा आणि कागदाला समांतर असल्याची खात्री करावी. कागदावर छोटा आरसा चिकटवला आणि व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचेच प्रतिबिंब दिसले, की काम झाले. छिद्र पूर्ण उघडे, मधला फोकस बिंदू, सिंगल ऑटोफोकस, शटर टायमरने. उजेड दिवसाचा हवा, कारण पिवळ्या बल्बखाली मोजमाप सरकू शकते. दर फोटोआधी लेन्स हाताने फोकसबाहेर न्यावी, तीन वेळा अनंताकडे, तीन वेळा जवळ. एका फोटोवरून निष्कर्ष काढू नये.

समजा सहाही फोटोंत पट्टी साधारण ८ ते १६ पर्यंत स्पष्ट दिसते. मध्य १२ वर, म्हणजे फोकस पट्टीवर ३ सेंमी पुढे. पट्टी तिरकी असल्याने प्रत्यक्ष चूक सुमारे २ सेंमी. (स्पष्ट पट्ट्याचा एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे हा लोकप्रिय नियम इतक्या जवळून लागू होत नाही, इथे दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात.) आता लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून तोच फोटो काढावा. त्यात फोकस सेन्सरवरच ठरतो, म्हणून मध्य १५ वर आला तर दोष आरशाच्या मार्गाचाच.

सेटअप मेनूत `AF fine-tune` सुरू करून `Saved value` मध्ये मूल्य द्यावे. पट्टा −२० ते +२०. अधिक चिन्ह फोकस कॅमेऱ्यापासून दूर नेते, म्हणून फ्रंट फोकसला अधिक. एकेक पायरी चढण्यात वेळ जातो. सरळ +१० लावावे. मध्य १४ वर आला, तर दहा पायऱ्यांनी २ सेंमी सरकला. उरलेल्या एका सेंमीसाठी +१५. पायरीचे मिलिमीटर ठरलेले नसतात, दुसऱ्या लेन्सला हा हिशेब चालत नाही. `Default` मधले मूल्य नोंद नसलेल्या सर्व लेन्सना लागू होते. तिथे चुकून आकडा टाकला तर बाकीच्या लेन्सही बिघडल्यासारख्या वाटतात.

सहा फोटोंत मध्य कधी १२, कधी १७ येत असेल, तर ही रीत निरुपयोगी. ती ठरावीक चूक भरून काढते, विखुरलेली नाही. पूर्ण +२० देऊनही पट्टी जुळत नसेल, तर दुरुस्ती केंद्राचा रस्ता धरावा. झूम लेन्समध्ये दोन टोकांची चूक वेगळी असू शकते, पण डी७५० वर एकच मूल्य मिळते. जे टोक जास्त वापरात, त्यावर बेतावे. सिग्माचा यूएसबी डॉक त्या कंपनीच्या ठरावीक लेन्सना वेगवेगळ्या अंतरांवर वेगळे मूल्य देऊ देतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांमध्ये ही सोयच नाही. तिथे स्थिर विषयासाठी लाइव्ह व्ह्यूचा फोकस वापरतात.

शेवटी सव्वा मीटरवर जुळलेले मूल्य अडीच-तीन मीटरवरही एकदा तपासावे, कारण माणसांचे फोटो बहुधा तितक्या अंतरावरून काढले जातात आणि काही लेन्सची चूक अंतरानुसार बदलते.