रिक्रूटरने कागदपत्रं आणि रेफरन्स मागितले: काय पाठवायचं, कसं पाठवायचं

इंटरव्ह्यू पार पडतो आणि मेल येते: शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, डिग्री सर्टिफिकेट, रिलीव्हिंग लेटर आणि दोन रेफरन्स गुरुवारपर्यंत पाठवा. इथवर पोचलेली माणसं इथेच अडकताना मी सारखी बघतो. कारण बहुतेक वेळा एकच: एखादा कागद हाताशी नसतो, म्हणून तयार असलेलेही थांबवून ठेवतात.

असं करू नका. गुरुवार ही पडताळणीकडे फाइल जाण्याची तारीख असू शकते, तुमची मेल निघण्याची नव्हे. मेल आली त्याच दिवशी, त्याच मेलला रिप्लाय करून, जे आहे ते पाठवा आणि जे नाही त्याची तारीख द्या.

सगळ्यात जास्त घोळ रिलीव्हिंग लेटरचा. तुम्ही अजून नोकरीत असाल तर हे पत्र अस्तित्वातच नसतं. ते शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर मिळतं. तरी एकच छापील यादी सगळ्यांना जाते आणि ती वाचून उमेदवार घाबरतो. सरळ लिहा:

"सॅलरी स्लिप आणि डिग्री सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. मी सध्या नोकरीत असल्यामुळे रिलीव्हिंग लेटर रुजू होताना देईन. तोवर नेमणूकपत्र जोडत आहे. दोन्ही रेफरन्सची माहिती उद्या दुपारपर्यंत पाठवतो."

चार वाक्यांत रिक्रूटरला कळतं की काय आलं, काय यायचंय आणि कधी. नोकरी सोडून झाली असेल आणि जुनी कंपनी पत्र देत नसेल, तर राजीनामा स्वीकारल्याची मेल आणि शेवटची सॅलरी स्लिप चालेल का, हे विचारून घ्या. पत्रावरची तारीख आणि सीव्हीवरची तारीख जुळत नसेल तर तेही आधीच सांगा. पत्रात मात्र एक अक्षरही बदलू नका. चुकलेल्या तारखेचा खुलासा करता येतो, खाडाखोडीचा नाही.

आता फाइली. `IMG_4471.jpg`, `scan(2).pdf` अशी नावं असली की समोरच्याला प्रत्येक फाइल उघडून बघावी लागते. एका कागदपत्राची एक पीडीएफ करा, दोन बाजू असल्या तरी एकच. नावं अशी द्या:

```
Surname_01_Degree.pdf
Surname_02_SalarySlips.pdf
Surname_03_AppointmentLetter.pdf
```

मेलमध्येही हाच क्रम ठेवा. तिन्ही महिन्यांच्या स्लिप एकाच फाइलमध्ये, महिन्यांच्या क्रमाने लावा.

सॅलरी स्लिपला बऱ्याचदा पासवर्ड असतो. तुमच्याकडे ती सहज उघडते, म्हणून लक्षात येत नाही आणि तिकडून "फाइल उघडत नाही" असं उत्तर येतं. पासवर्ड टाकून फाइल उघडा, प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून सेव्ह करा. नवी प्रत सहसा बिनपासवर्डची निघते. तशी सोय बंद असेल तर पासवर्ड वेगळ्या मेलने कळवा.

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, त्याहून मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. त्या लिंकला परवानगी दिलेली नसेल तर रिक्रूटरला कागद दिसतच नाही, फक्त परवानगी मागायचा पर्याय दिसतो. सगळं मिळून पाच-सात एमबीत बसवा. त्यासाठी कागदांचा साधा स्कॅन पुरतो, फोनच्या कॅमेऱ्याचे पूर्ण आकाराचे फोटो नकोत.

रेफरन्स म्हणजे ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय अशी माणसं: वरिष्ठ, प्रोजेक्टचे प्रमुख, नवख्यांसाठी मार्गदर्शक प्राध्यापक. नातेवाईक आणि मित्र चालत नाहीत. प्रत्येकाचं नाव, हुद्दा, ऑफिसची मेल, फोन, आणि तुमच्यासोबत कुठल्या काळात कोणत्या नात्याने काम केलं ती एक ओळ द्या. ही ओळ लोक गाळतात आणि मग तेच विचारायला पुन्हा मेल येते.

नाव देण्याआधी त्यांना फोन करा. कुठल्या पदासाठी आहे ते सांगा, सीव्ही पाठवा आणि स्पॅमही बघायला सांगा, कारण रेफरन्सचा फॉर्म अनोळखी पत्त्यावरून येतो. न विचारता नाव दिलं की ती व्यक्ती अनोळखी फोन उचलत नाही, आणि रिक्रूटरच्या नोंदीत "प्रतिसाद नाही" एवढंच उरतं. सध्याच्या साहेबांचं नाव ऑफर हाती येण्याआधी देऊ नका. आग्रह झाला तर "ऑफर मिळाल्यावर, मला कळवून संपर्क करावा" असं लेखी टाका.

मेल गेल्यावर सेंटमधून प्रत्येक फाइल फोनवर उघडून पाहा. पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत पोच आली नाही, तर त्याच मेलमध्ये एक ओळ लिहून विचारा.