भांडवली नफा, अल्पकालीन व दीर्घकालीन (शेअरच्या संदर्भात)

शेअर विकून हाती आलेली रक्कम खरेदीच्या रकमेपेक्षा जेवढी जास्त, तेवढा भांडवली नफा. भारतीय प्राप्तिकरात या नफ्याचे दोन भाग पडतात. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा शेअर १२ महिन्यांहून अधिक काळ धारण करून विकला तर नफा दीर्घकालीन, अन्यथा अल्पकालीन. शेअर बाजारात रोखे व्यवहार कर (एसटीटी) भरून केलेल्या विक्रीला २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के, तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. दीर्घकालीन नफ्यातील वर्षाचे पहिले १,२५,००० रुपये करातून सुटतात. कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर दोन्हीकडे सारखाच आहे. बाजारात नोंद नसलेल्या शेअरांसाठी ही सीमा २४ महिन्यांची असून त्यांचा अल्पकालीन नफा इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर आकारला जातो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, पण १२ महिन्यांची रेघ कायम राहिली.

भेदाचा उगम : भारतात भांडवली नफ्यावरील कर प्रथम अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या १९४७ च्या अंदाजपत्रकाने आणला. ३१ मार्च १९४८ नंतरच्या नफ्यावरून तो उठला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या भारतीय करसुधारणा अहवालानंतर त्याचे पुनरुज्जीवन झाले. मात्र कॅल्डॉर यांच्या लेखी भांडवली नफा हे इतर उत्पन्नासारखेच उत्पन्न होते. त्यामुळे धारणकाळावर सवलत देण्याची कल्पना त्यांच्यापासून आली असे मानणे कठीण आहे. तिचा जुना दाखला अमेरिकेत सापडतो. तेथील १९२१ च्या महसूल कायद्याने दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. त्या वेळी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७३ टक्के होता, आणि एवढा कर भरण्यापेक्षा मालमत्ता न विकलेलीच बरी असे मालक ठरवत होते. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेने एका रेघेऐवजी पायऱ्या केल्या. वर्षाच्या आत विकल्यास पूर्ण नफा करपात्र, मग धारणकाळ वाढेल तसा ८०, ६०, ४० टक्के, आणि दहा वर्षांपुढे फक्त ३० टक्के. ब्रिटनने याउलट १९६२ मध्ये केवळ अल्पकालीन नफ्यावर कर बसवला. शेअरांसाठी ती मुदत सहा महिन्यांची होती. तेथे सट्ट्याला आळा हा हेतू उघड होता. म्हणजे एकाच भेदाची दोन मुळे दिसतात. एक, अडकून पडलेली मालमत्ता मोकळी करणे. दुसरे, झटपट नफ्याला रोखणे.

भारतात सर्वसाधारण मालमत्तेसाठी दीर्घकाळ ३६ महिन्यांची अट होती. १९८७ च्या वित्त कायद्याने शेअरांपुरती ती १२ महिन्यांवर आणली. १९९२ मध्ये राजा चेलय्या समितीच्या शिफारशींना अनुसरून दीर्घकालीन नफ्याला महागाई निर्देशांकाचा लाभ मिळाला. १ ऑक्टोबर २००४ पासून एसटीटी आला, तेव्हा बाजारातील दीर्घकालीन नफा पूर्ण करमुक्त आणि अल्पकालीन नफ्यावर १० टक्के अशी रचना झाली. पुढे २००८ मध्ये हा दर १५ टक्के झाला. २०१८ मध्ये दीर्घकालीन नफ्यावर एक लाखापुढे १० टक्के कर परतला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत साठलेला नफा ग्रँडफादरिंगने, म्हणजे जुन्या नफ्याला नवा नियम न लावता, वगळला गेला.

दर वेगळे का : याची चार कारणे सांगितली जातात आणि ती सारख्या वजनाची नाहीत. अनेक वर्षांत साठलेला नफा एकाच वर्षी करपात्र झाल्याने करदाता वरच्या स्लॅबमध्ये ढकलला जातो, हे पहिले. चढत्या दराच्या पद्धतीत ते बिनतोड आहे, पण बाजारातील शेअरांवर भारतात दोन्हीकडे सपाट दर असल्याने येथे ते फारसे लागू पडत नाही. दुसरे कारण महागाईचे. दहा वर्षांच्या नफ्यातील मोठा भाग केवळ रुपयाच्या घसरणीचा असतो, म्हणून कमी दर ही ढोबळ भरपाई ठरते. पण महागाई रोज थोडी थोडी वाढते, तर कायदा एका दिवसात २० वरून १२.५ वर येतो. तिसरे, कंपनीने आपल्या नफ्यावर आधीच कर भरलेला असतो. हे खरे, परंतु ते तीन महिन्यांच्या भागधारकालाही तितकेच लागू आहे. उरते चौथे : वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचा नफा हा व्यापारी कमाईच्या जवळचा, तर थांबणाऱ्याचा नफा भांडवलाच्या वाढीचा. भारतीय रचनेचा इतिहास पाहता हेच कारण अधिक ग्राह्य वाटते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१६ च्या परिपत्रक क्र. ६ मध्येही याचीच छाया आहे. १२ महिन्यांहून अधिक धारण केलेल्या नोंदणीकृत शेअरांचा नफा करदात्याने भांडवली नफा म्हणून दाखवला, तर अधिकाऱ्याने तो धंद्याचा नफा आहे असा वाद घालू नये, असे ते सांगते. एकदा घेतलेली भूमिका मात्र पुढील वर्षांतही सांभाळावी लागते.

बारा महिने कसे मोजावेत : कायद्याचे शब्द ‘हस्तांतरणाच्या तारखेच्या लगतपूर्वी बारा महिन्यांहून अधिक नाही’ अशा अर्थाचे आहेत. नेमके बारा महिने पूर्ण झाले तरी शेअर अल्पकालीनच राहतो, वर निदान एक दिवस हवा. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. ३६५ दिवस मोजणे बरोबर नाही.

समजा, १० जून २०२४ रोजी ५०० शेअर प्रत्येकी ८०० रुपयांना घेतले. १० जून २०२५ ला विकले तर विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंत बारा महिने भरतात, अधिक काही नाही. म्हणून नफा अल्पकालीन. ११ जूनला विकले तर बारा महिने आणि एक दिवस होतो. येथे खरेदीचा दिवस धारणकाळात धरला आहे आणि व्यवहारात हेच मत रूढ आहे. खरेदीचा दिवस वगळावा असे मानणारे लोक आणखी एक दिवस थांबण्याचा सल्ला देतात. मोठी रक्कम असेल तर तो दिवस थांबण्यात शहाणपण आहे. तारीख धरायची ती ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटवरची. शेअर डिमॅटमध्ये दुसऱ्या दिवशी दिसले तरी धारणकाळ त्यावरून मोजत नाहीत. मंडळाने १९९५ च्या परिपत्रक क्र. ७०४ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

एका दिवसाची किंमत पाहू. विक्री १,२०० रुपयांना झाली तर नफा दोन लाख. १० जूनला विकल्यास २० टक्क्यांनी ४०,००० आणि उपकर १,६००, एकूण ४१,६०० रुपये. ११ जूनला, त्या वर्षी दुसरा दीर्घकालीन नफा नसेल तर, सवा लाख वजा जाऊन ७५,००० वर ९,३७५ आणि उपकर ३७५, म्हणजे ९,७५० रुपये. फरक ३१,८५० रुपयांचा. पण थांबताना भाव पडू शकतो. याच उदाहरणात भाव सुमारे १,१२७ पर्यंत उतरला तर दोन्ही मार्गांनी हाती जवळजवळ सारखेच पैसे राहतात. त्याखाली गेला तर थांबणे महागात पडले. वर्षाची मुदत जवळ आली असेल तेव्हा ही सहा टक्क्यांची उशी मोठी वाटते. मुदत चार-पाच महिने दूर असेल तर करासाठी शेअर धरून ठेवण्यात फारसा अर्थ राहत नाही.

कोणता शेअर विकला : डिमॅट खात्यात शेअरला ओळख नसते, म्हणून आधी आलेला आधी गेला असे धरतात. वरील गुंतवणूकदाराने २० जानेवारी २०२५ ला त्याच खात्यात आणखी ३०० शेअर १,००० रुपयांनी घेतले आणि ११ जूनला ६०० विकले, तर पहिले ५०० जुन्या खरेदीचे, म्हणून दीर्घकालीन. उरलेले १०० जानेवारीचे. त्यांचा २०,००० रुपयांचा नफा अल्पकालीन ठरून त्यावर उपकरासह ४,१६० रुपये कर लागतो. ‘मी नवे विकले, जुने ठेवले’ असे म्हणण्याची सोय नाही. १९९८ च्या परिपत्रक क्र. ७६८ प्रमाणे हा क्रम प्रत्येक डिमॅट खात्यापुरता वेगळा लागतो. त्यामुळे दीर्घ मुदतीचे आणि फिरते शेअर दोन स्वतंत्र खात्यांत ठेवणाऱ्याला हवे ते विकता येतात.

सर्वांत जास्त घोटाळा बोनस शेअरांत, म्हणजे कंपनी आपल्या भागधारकांना फुकट देते त्या शेअरांत होतो. बोनसचा धारणकाळ त्याच्या वाटपापासून सुरू होतो आणि त्याची खरेदी किंमत शून्य. वरील ५०० शेअरांवर मार्च २०२५ मध्ये एकास एक बोनस मिळाला, भाव निम्मा होऊन ६०० वर आला आणि ११ जूनला सर्व १,००० शेअर विकले, असे समजा. पैसे सहा लाख, गुंतवणूक चार लाख, नफा आधीइतकाच दोन लाख. पण कराच्या हिशेबात मूळ ५०० शेअरांवर एक लाखाचा दीर्घकालीन तोटा निघतो, आणि बोनसच्या ५०० शेअरांचे संपूर्ण तीन लाख अल्पकालीन नफा ठरतात. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, म्हणून तो येथे कामी येत नाही. कर ६०,००० आणि उपकर २,४००, म्हणजे ६२,४०० रुपये. बोनस नसता तर हाच आकडा ९,७५० असता. ब्रोकरच्या नफा-तोटा पत्रकात अल्पकालीन रकाना अचानक फुगलेला आणि शेजारी दीर्घकालीन तोटा दिसला की बोनसची तारीख तपासावी. बोनसचे शेअर वाटपापासून वर्ष उलटल्यावर विकले असते तर दोन्ही आकडे दीर्घकालीन होऊन एकमेकांत वजा झाले असते. शेअरचे विभाजन म्हणजे स्प्लिट झाल्यास मात्र ही अडचण येत नाही. तेथे मूळ तारीख टिकते आणि मूळ किंमत विभागली जाते.

तोट्याची वजावट : अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा करता येतो. उरलेला तोटा, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, आठ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेले असले पाहिजे.

वारसा व बक्षीस : वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या शेअरात आधीच्या मालकाचा धारणकाळ आणि त्याची खरेदी किंमत दोन्ही पुढे येतात. वडिलांनी २०१० साली घेतलेले शेअर मुलीच्या खात्यावर गेल्या महिन्यात आले आणि तिने ते आज विकले, तरी नफा दीर्घकालीनच. अशा वेळी तिला वडिलांच्या खरेदीच्या जुन्या काँट्रॅक्ट नोटा लागतात. त्या नसल्यास निदान ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातील सर्वोच्च भाव पाहावा, कारण त्या तारखेपूर्वीच्या शेअरांसाठी मूळ खरेदी किंमत कमी असेल तर तो भाव किंवा विक्रीचा भाव यांपैकी जो कमी, तो खरेदी किंमत म्हणून धरता येतो.